बारोलोची कोरड

इटलीच्या वायव्येला, पिडमाँट प्रांतात, लांगे नावाचा टेकड्यांचा मुलूख आहे. तिथली बारोलो ही वाइन पहिल्यांदा पिणारा हमखास फसतो. पेल्यात ओतल्यावर ती फिकट लाल दिसते, कडेला विटकरी झाक असते, पलीकडची बोटंही दिसतात. असल्या रंगाची वाइन मवाळच असणार, असं वाटतं. घोट घेतला की हिरड्या आवळून येतात, गालाची आतली बाजू दातांना चिकटते आणि जीभ टाळूवरून सरकायला कां कूं करते.

ही करामत टॅनिनची. झाडं आपल्या सालीत, बियांत आणि कच्च्या फळांत जी तुरट द्रव्यं साठवतात, त्यांना टॅनिन म्हणतात. बाभळीची साल, हिरडा, सुपारी, कच्चं केळं या सगळ्यांत ती असतात. प्रथिन दिसलं की त्याला घट्ट धरून बसणं हा त्यांचा स्वभाव. चामडं कमावण्यात साल आणि हिरडा वापरतात ते याचसाठी: कातड्यातल्या प्रथिनाला टॅनिन जखडून टाकतं आणि मग ते कुजत नाही.

तोंडातही तेच घडतं. लाळ म्हणजे नुसतं पाणी नव्हे. तिच्यात बुळबुळीत प्रथिनं असतात आणि त्यांचा पातळ थर जीभ, गाल, हिरड्या यांच्यावर सतत पसरलेला असतो. वाइनमधलं टॅनिन या प्रथिनांना पकडतं, त्यांच्या गुठळ्या होतात आणि थर फाटतो. तोंड ओलंच असतं, पण वंगण गेलेलं असतं, म्हणून जीभ घासली जाते आणि आपण त्याला कोरडेपणा म्हणतो. ही तहानेची कोरड नव्हे. खरं तर ही जिभेची चवही नव्हे, बहुतांशी स्पर्श आहे. म्हणूनच जिथे चव फारशी कळत नाही त्या हिरड्यांनाही ती जाणवते. वाइन चाखून थुंकणाऱ्यांना थुंकीत जांभळट धागे दिसतात, ते याच गुठळ्यांचे. लगोलग दुसरा घोट घेतला तर तो पहिल्यापेक्षा तुरट लागतो, कारण लाळेतली प्रथिनं भरून यायला थोडा वेळ लागतो.

फार उकळलेला कोरा चहा असाच तोंड ओढतो. त्यात दूध पडलं की तुरटपणा मावळतो, कारण टॅनिनला लाळेआधी दुधातलं प्रथिन सापडतं.

आता हे टॅनिन वाइनमध्ये येतं कुठून? द्राक्षाच्या रसात ते जवळजवळ नसतंच. ते असतं सालीत, बियांत आणि देठांत. पांढरी वाइन करताना रस लगेच पिळून बाजूला काढतात, त्यामुळे ती सहसा तुरट होत नाही. लाल वाइन मात्र साली आणि बियांसकट आंबवतात. रंग पहिल्या काही दिवसांतच उतरतो, पाठोपाठ सालीतलं टॅनिन येतं. बियांवर मेणचट आवरण असतं. आंबताना मद्यार्क वाढत जातो, तसतसं ते सैल होतं आणि बियांतलं टॅनिन सावकाश सुटू लागतं. म्हणजे साली किती दिवस रसात ठेवायच्या, यावर पुष्कळ काही ठरतं.

बारोलो नेबिओलो नावाच्या द्राक्षापासून होते. या द्राक्षात रंगद्रव्य कमी, पण टॅनिन भरपूर. फिकट रंगाचं कोडं इथेच सुटतं. जुन्या पद्धतीत साली महिनाभर किंवा त्याहून जास्त रसात बुडवून ठेवत. 1980च्या दशकात काही तरुण उत्पादकांनी हा काळ थोड्या दिवसांवर आणला आणि जुन्या अवाढव्य पिंपांऐवजी ओकच्या लहान फ्रेंच पिंपांचा आग्रह धरला. नव्या ओकमधूनही थोडं टॅनिन उतरतंच. यावरून दोन तट पडले, घराघरांत बाप-लेकांची भांडणं झाली. आज बहुतेक जण मधल्या वाटेवर आहेत.

कच्च्या बियांचं टॅनिन मात्र कुठल्याच पद्धतीने गोड होत नाही. म्हणून तोडणीआधी जाणकार बिया चावून पाहतात. हिरवी, चिवट बी जीभ खरवडते; पिकलेली तपकिरी असते आणि कुरकुरीत फुटते.

उरलेलं काम काळ करतो. बारोलोला कायद्यानेच 38 महिने थांबावं लागतं, त्यातले किमान 18 लाकडी पिंपात. या मुदतीत हवेतला प्राणवायू झिरपत राहतो, टॅनिनचे रेणू एकमेकांशी आणि रंगद्रव्याशी जुळतात, काही गाळ होऊन तळाला बसतात आणि तुरटपणाची धार बोथट होते.

इतका धीर नसेल तर दुसरा उपाय आहे. फ्रान्समधल्या बोर्दो भागात 225 लिटरच्या पिंपात काही अंड्यांचा पांढरा बलक हलकेच फेटून घालण्याची जुनी रीत आहे. त्यातलं प्रथिन टॅनिनला धरून तळाशी जातं आणि वरची वाइन अलगद काढून घेतात. बलक जास्त झाला तर वाइन मिळमिळीत होते, म्हणून आधी थोड्या वाइनवर प्रमाण पडताळतात. अंड्याचा अंश वाइनमध्ये उरला तर युरोपात तसं बाटलीवर छापावं लागतं. अंडं नको असलेले उत्पादक हल्ली वाटाण्याचं किंवा बटाट्याचं प्रथिन वापरतात.