ऑनलाइन फिटेड कॅप घेताय? आधी केसांचे दोन मिलिमीटर मोजा

मागे क्लिप किंवा पट्टा असलेली कॅप घेताना साइजचा फार विचार करावा लागत नाही. दोन बटणं मागेपुढे केली की काम झालं. प्रश्न येतो तो मागून बंद असलेल्या फिटेड कॅपचा. तिला ॲडजस्ट करायला काहीच नसतं आणि साइजच्या जागी 7 1/4, 7 3/8 असे विचित्र अपूर्णांक लिहिलेले असतात. त्यातून लिस्टिंगवर ‘नो रिटर्न’ असेल, तर चुकलेला एक आकडा म्हणजे कपाटात पडून राहिलेली कॅप.

हा अपूर्णांक दिसतो तितका गूढ नाही. डोकं पूर्ण गोल आहे असं मानलं, तर त्या गोलाचा इंचातला व्यास म्हणजे कॅपचा नंबर. आपण टेपने मोजतो तो घेर. घेराला पायने, म्हणजे ३.१४ ने भागलं की व्यास मिळतो. घेर सेंटीमीटरमध्ये असेल तर थेट ७.९८ ने भागा. घेर ५८.५ असेल तर उत्तर येतं साधारण ७.३३. हे ७ १/४ आणि ७ ३/८ यांच्या मधलं आहे. अशा वेळी नेहमी वरचा नंबर घ्यायचा, कारण सैल कॅप आतून भरता येते, पण घट्ट कॅप फारशी ताणता येत नाही. गूगल शीट्समध्ये A1 मध्ये घेर टाकून हे करून बघा:

```
=CEILING(A1/2.54/PI(),0.125)
```

उत्तर 7.375 आलं तर तो 7 3/8. या नंबरांमधली प्रत्येक पायरी घेरात जवळजवळ १ सेंटीमीटरची असते, एवढं लक्षात ठेवा. आणखी एक गोष्ट. ब्रिटिश नंबर अमेरिकन नंबरपेक्षा १/८ ने लहान असतो, म्हणजे अमेरिकन 7 3/8 आणि ब्रिटिश 7 1/4 ही एकच साइज. त्यामुळे चार्टमध्ये सेंटीमीटरचा कॉलम असेल तर तोच बघा.

घेर नेमका कुठे मोजायचा

टेप कपाळाच्या मध्यावरून, कानांच्या साधारण १ सेंटीमीटर वरून आणि मागे कवटीचा जो उंचवटा हाताला लागतो त्याच्यावरून जायला हवी. थोडक्यात, कॅप जिथे बसते तिथे. आरशात बघून टेप मागे घसरली नाही ना, ते तपासा. तीन वेळा मोजा. तिन्ही आकडे अर्ध्या सेंटीमीटरच्या आत आले नाहीत, तर टेप तिरकी जातेय असं समजा.

शिंप्याची टेप घरी नसेल तर फोनचा कॅमेरा काढू नका. मेजरमेंट ॲप्स समोर दिसणाऱ्या दोन बिंदूंमधलं अंतर सांगतात, डोक्याच्या मागून वळसा घालून येत नाहीत. त्यापेक्षा ए-४ कागदाच्या लांबीच्या दिशेने दोन बारीक पट्ट्या कापा आणि टोकाला टोक लावून सेलोटेपने जोडा. कागदाची लांबी २९.७ सेंटीमीटर असते, म्हणजे तुमच्याकडे ५९.४ सेंटीमीटरची न ताणली जाणारी टेप तयार झाली. ती पुरली नाही तर आणखी एक तुकडा जोडा. सुतळी किंवा इअरफोनची वायर वापरायचा मोह टाळा, दोन्ही ओढल्या की ताणल्या जातात.

केस मध्ये आले की गणित का बिघडतं

इथपर्यंतचं बहुतेक साइज चार्टवर सापडतं. केसांबद्दल मात्र तिथे ‘केस दाट असतील तर एक साइज मोठी घ्या’ एवढंच लिहिलेलं असतं. किती दाट, ते कोणी सांगत नाही.

डोक्याभोवती सगळीकडून १ मिलिमीटरचा थर वाढला, तर घेर १ मिलिमीटरने वाढत नाही, ६.२८ मिलिमीटरने वाढतो. कारण थर त्रिज्येत वाढतो आणि घेर असतो त्रिज्येच्या दोन पाय पट. दहावीचंच सूत्र आहे, फक्त इथे ते खिशाला लागतं. म्हणजे दाबल्यावर केसांचा थर २ मिलिमीटर उरत असेल, तर घेरात साडेबारा मिलिमीटरचा फरक पडतो. १ सेंटीमीटरची एक पायरी धरली, तर हा एका पूर्ण साइजपेक्षा जास्त आहे.

आता तुमचे केस किती मिलिमीटर ‘खातात’ हे कसं कळणार? एकाच जागी दोनदा मोजून. पहिल्यांदा टेप केसांना जेमतेम टेकेल अशी सैल ठेवा. दुसऱ्यांदा केस दबतील पण कपाळाला काचणार नाही इतपत ओढा. दोन आकड्यांमधला फरक ६.२८ ने भागला की केसांचा दबणारा थर मिळतो. कॅप घातल्यावर केस पूर्ण फुललेले राहत नाहीत आणि पूर्ण चपटेही होत नाहीत, म्हणून दोन्ही आकड्यांच्या मधला आकडा धरायचा.

माझ्या नाशिकच्या मामेभावाचे केस चांगलेच कुरळे आणि दाट आहेत. त्याला लोकरीची फिटेड कॅप घ्यायची होती, तीही परत न होणारी. त्याने व्हॉट्सॲपवर आकडा पाठवला : ५९.८. वर लिहिलं, “दादा, केस दाट आहेत म्हणून अजून एक साइज वाढवतोय.” मी विचारलं, टेपखाली बोट ठेवलं होतंस का? हो, व्हिडिओत तसंच सांगितलं होतं.

घोळ इथेच होता. टेपखाली एक बोट ठेवलं की टेप त्या जागी वर उचलली जाते आणि आकड्यात साधारण पाऊण सेंटीमीटर वाढतो. ही वाढ मुळात आरामासाठी सोडलेली जागा असते. त्याने बोट ठेवलं, टेप फुललेल्या केसांवरून नेली आणि वर केसांसाठी पुन्हा एक साइज वाढवायला निघाला होता. म्हणजे एकाच गोष्टीसाठी तीनदा सूट. ५९.८ वरून वरचा नंबर निघतो ७ १/२, त्यात एक वाढवला की ७ ५/८.

मग बोट काढून पुन्हा मोजायला लावलं. सैल टेपने ५९.०, ओढून ५७.८. फरक १.२ सेंटीमीटर, म्हणजे केसांचा दबणारा थर साधारण १.९ मिलिमीटर. मधला आकडा ५८.४. त्याला ७.९८ ने भागलं की ७.३२, वरचा नंबर ७ ३/८. त्याच्या मूळ हिशोबापेक्षा दोन पायऱ्या, म्हणजे घेरात २ सेंटीमीटर कमी. एवढी सैल कॅप स्कूटरवर पहिल्याच वळणावर उडाली असती. त्याने ७ ३/८ मागवली आणि ती बसली.

मोजताना केस रोज असतात तसेच ठेवा, हे महत्त्वाचं. तेल लावून चापून बसवलेले किंवा नुकते धुतलेले ओले केस कमी भरतात. वेणी किंवा अंबाडा घालून कॅप घालणार असाल तर तसंच मोजा. पण अंबाडा टेपच्या रेषेतच येत असेल, तर मोठी साइज घेऊन उपयोग नाही. तिथे थर सगळीकडून वाढत नाही, एकाच जागी वाढतो. मग कॅप मागून वर उचलली जाते आणि कपाळावर खाली येते. त्यासाठी मागून उघडी कॅपच बरी.

आतलं पॅडिंग : इथे तेच गणित उलटं

कॅपच्या आत कपाळाला टेकणारी पट्टी असते, स्वेटबँड. थंडीच्या टोप्यांना वर अस्तरही असतं. डोक्यावर थर आला की घेर वाढतो, तसा कॅपच्या आत थर आला की जागा कमी होते, त्याच ६.२८ च्या पटीत. म्हणून जुनी, नीट बसणारी कॅप मोजून नवी मागवायची असेल तर ती बाहेरून मोजू नका. कापड आणि पट्टी मिळून ३ मिलिमीटर जाडी असेल, तर बाहेरचा घेर आतल्यापेक्षा जवळपास १.९ सेंटीमीटर जास्त येतो. कागदाची पट्टी आतून स्वेटबँडला टेकवून फिरवा, पॅडिंग बोटाने हलकं दाबत जा आणि दोन टोकं जिथे मिळतात तिथे खूण करा.

हेच गणित सैल कॅप सुधारायला कामाला येतं. स्वेटबँड उलटा करून त्याच्या मागे फोमची पट्टी सरकवायची. यासाठी चिकटणाऱ्या पट्ट्या तयार मिळतात, दारं-खिडक्यांना लावायचा पातळ फोमही चालतो. फोमची लिहिलेली जाडी धरू नका, दाबल्यावर उरणारी धरा. ३ मिलिमीटरचा फोम दबून २ मिलिमीटर उरला आणि तुम्ही अर्धाच गोल भरला, तर जागा सहा मिलिमीटरच्या आसपास कमी होते. पूर्ण गोल भरला तर साडेबारा, म्हणजे एका झटक्यात एक साइज खाली. त्यामुळे आधी मागच्या बाजूला एक छोटा तुकडा लावून बघा, मग दुसरा. मामेभावाने उद्या केस अगदी बारीक केले तर त्याला नवी कॅप नको, फोमचे हे दोन तुकडे पुरतील.

एक तक्रार मात्र नंबर बदलून सुटत नाही. कॅप कपाळाला आणि मागे काचते, पण कानांच्या वर दोन्ही बाजूंना फट दिसते. याचा अर्थ घेर बरोबर आहे, डोकं मात्र कॅपपेक्षा लांबट आहे. मोठी साइज घेतली तर काचणं कमी होतं, पण फटी वाढतात आणि कॅप हलू लागते. अशा वेळी एक नंबर वरची घेऊन फोम फक्त दोन्ही बाजूंच्या फटींमध्ये भरायचा, पुढे-मागे अजिबात नाही.

पार्सल आलं की टॅग काढायच्या आधी घरातच पंधरा-वीस मिनिटं कॅप घालून बसा. काढल्यावर कपाळावर लाल वळ राहिला आणि तो लवकर गेला नाही, तर लहान आहे. खाली वाकून डोकं हलवल्यावर कॅप सरकली, तर मोठी. पण मोठी असेल तर परत पाठवायची घाई नको, आधी फोमचा तुकडा लावून बघा. तो चिकटवू नका, नुसता स्वेटबँडमागे सरकवा, म्हणजे नाही जमलं तर कॅप आली तशी परत करता येईल.