एकाच नावाचे दोन बेचाळीस

समजा, घरातल्या दादाकडे २०१७ सालचं ॲपल वॉच सिरीज ३ आहे, ४२ मिलिमीटरचं. ते कामातून गेलं, पण त्याच्यासोबत घेतलेला तपकिरी चामड्याचा पट्टा अजून ठणठणीत आहे. धाकट्या बहिणीनं नुकतंच सिरीज १० घेतलं, तेही ४२ मिलिमीटरचं. पट्ट्याच्या आतल्या बाजूला ४२ छापलेलं, घड्याळाच्या खोक्यावरही ४२ छापलेलं. दादा मोठ्या मनानं पट्टा देतो, ती तो खाचेत सरकवते, आणि पट्ट्याची दोन्ही टोकं घड्याळाच्या कडांबाहेर डोकावत राहतात. कितीही मागेपुढे केलं तरी ती आत जात नाहीत.

यात पट्टा खराब नाही आणि घड्याळही नाही. बाजारात आता ४२ नावाची दोन वेगवेगळी मापं आहेत, एवढाच हा घोळ आहे.

घड्याळावर लिहिलेला मिलिमीटरचा आकडा पट्ट्याचा नसतो. तो केसच्या, म्हणजे घड्याळाच्या चौकटीच्या, उंचीचा असतो: वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत. पट्टा मात्र आडव्या खाचेत बसतो, म्हणून त्याला हवी असते रुंदी. पहिली घड्याळं २०१५ मध्ये आली तेव्हा दोनच केस होत्या, ३८ आणि ४२. लहान केसला लहान खाच, मोठ्या केसला मोठी. तोवर आकडा आणि पट्टा यांची जोडी सरळ होती.

पुढे पडदा मोठा होत गेला, तशी केसही वाढत गेली. २०१८ मध्ये सिरीज ४ आलं आणि मापं झाली ४० आणि ४४. २०२१ मध्ये सिरीज ७ बरोबर ४१ आणि ४५. सप्टेंबर २०२४ मध्ये सिरीज १० आलं आणि लहान घड्याळ ४२ वर पोचलं, मोठं ४६ वर. या सगळ्या प्रवासात कंपनीनं एक गोष्ट सांभाळली, ती म्हणजे खाच. लहान घड्याळाची खाच ३८ च्या काळात होती तीच राहिली आणि मोठ्याची ४२ च्या काळातली. त्यामुळे दहा वर्षांपूर्वीचा पट्टा आजच्या घड्याळालाही बसतो. ही ग्राहकाच्या खऱ्या सोयीची गोष्ट आहे, कारण चांगला पट्टा घड्याळापेक्षा जास्त वर्षं टिकतो. पण वाढत वाढत लहान भावंड थोरल्याच्या जुन्या आकड्यावर येऊन पोचलं, आणि तिथे गाडी अडली.

म्हणजे कुटुंबं दोनच. लहान कुटुंबात ३८, ४०, ४१ आणि नवं ४२. मोठ्या कुटुंबात जुनं ४२, ४४, ४५, ४६ आणि अल्ट्राचं ४९. एका कुटुंबातला पट्टा त्याच कुटुंबातल्या कोणत्याही घड्याळाला चालतो, दुसऱ्या कुटुंबात नाही. दादाचा चामड्याचा पट्टा बहिणीच्या नव्या ४२ ला बसणार नाही, पण वडिलांच्या मनगटावर ४५ चं सिरीज ९ असेल तर त्याला नेमका बसेल.

ॲक्सेसरीजच्या दुकानात उभं राहिल्यावर पाकिटावरच्या आकड्यांची रांग पाहावी. नुसतं ४२ शोधू नये, ४२ च्या शेजारी कोण बसलंय ते पाहावं. पाकिटावर ‘४२/४४/४५/४९’ असेल तर ते जुनं, मोठं ४२. ‘३८/४०/४१/४२’ असेल तर नवं, लहान. जुन्या मालाच्या पाकिटांवर पहिली रांग छापलेली असते आणि सिरीज १० घेतलेला माणूस त्यातलं पहिलंच ‘४२’ वाचून पैसे मोजतो. पाकीट नसलेला, सुटा किंवा कुणाचा वापरलेला पट्टा असेल तर तो आपल्या सध्याच्या पट्ट्यावर टोकाला टोक लावून धरावा. दोन कुटुंबांच्या टोकांत साधारण दोन मिलिमीटरचा फरक असतो आणि तो नुसत्या डोळ्यांना दिसतो.

आपलं घड्याळ नेमकं कोणतं, हेच आठवत नसेल तर बहुतेक घड्याळांच्या पाठीवर सेन्सरभोवती बारीक अक्षरांत माप लिहिलेलं असतं. अक्षरं पुसट झाली असतील तर घड्याळातच Settings > General > About इथे मॉडेल क्रमांक मिळतो. त्यावर बोट टेकवलं की A ने सुरू होणारा क्रमांक दिसतो आणि त्यावरून सिरीज आणि केस दोन्ही कळतात.

आता पट्टा बसवण्याकडे जरा जवळून पाहू. घड्याळ मऊ, स्वच्छ कापडावर पालथं ठेवायचं. पाठीवर वर आणि खाली एकेक लांबट बटण असतं. ते दाबून धरायचं आणि जुना पट्टा आडवा सरकवून काढायचा. नवा पट्टा अक्षरं आपल्याकडे येतील असा धरून खाचेत सरकवला की टिक् असा आवाज येतो. पण केवळ या आवाजावर विसंबू नये. पट्ट्याला अडकवणारी कळ खाचेच्या मधोमध असते, त्यामुळे चुकीच्या मापाचा पट्टाही टिक् करून अडकू शकतो. लहान पट्टा मोठ्या घड्याळात घातला की दोन्ही टोकांना फटी राहतात, मोठा लहानात घातला की टोकं बाहेर येतात. माप बरोबर असेल तर पट्ट्याची कड घड्याळाच्या कडेशी एका रेषेत येते. मग बटण न दाबता पट्टा हलकेच आडवा ओढून पाहावा. तो जागचा हलला तर नीट बसलेला नाही. असं घड्याळ हातात घालून लोकलच्या दांड्याला लोंबकळण्याआधी ते परत काढून बसवलेलं बरं.

बकल नसलेल्या सोलो लूपची गोष्ट थोडी वेगळी. तो ताणून हातात चढवायचा असतो, म्हणून त्याला मनगटाच्या घेराप्रमाणे वेगळे क्रमांक असतात. शिवाय तो सिरीज ४ पासून पुढच्या आणि एसई घड्याळांसाठीच आहे. खाच जुळली तरी सिरीज ३ साठी तो घेऊ नये.

ॲपलबाहेर नियम बदलतो आणि कधी अगदी उलटा होतो. सॅमसंगच्या २०१८ च्या ४६ मिलिमीटर गॅलक्सी वॉचला २२ मिलिमीटर रुंदीचा पट्टा लागत असे. २०२१ चं गॅलक्सी वॉच ४ क्लासिकही ४६ मध्ये मिळतं, पण त्याला लागतो २० मिलिमीटरचा. इथे केसचा आकडा तोच राहिला आणि पट्टा बदलला. या घड्याळांना साध्या मनगटी घड्याळासारखीच स्प्रिंगची पिन असते, त्यामुळे माप घेणं सोपं आहे. पट्टा जिथे अडकतो त्या दोन टोकांमधलं आतलं अंतर पट्टीनं मोजायचं. २२ चा पट्टा २० च्या जागेत शिरत नाही. २० चा पट्टा २२ च्या जागेत अडकतो खरा, पण दोन्ही बाजूंना मिळून दोन मिलिमीटर पिन उघडी दिसते आणि पट्टा तिच्यावर सरकत राहतो. सॅमसंगच्या जुन्या घड्याळाचे पट्टे जपून ठेवलेले असतील, तर नवं घड्याळ ठरवण्याआधी ही पट्टी खिशात टाकून दुकानात जावं.