कपातीचा रकाना सगळ्यात शेवटी

पगाराची स्लिप हातात आली की नजर आधी तळाच्या निव्वळ रकमेवर जाते आणि तिथून उजवीकडच्या कपातींवर. तिथे पीएफ, ईएसआय, व्यवसाय कर असे आकडे दिसतात, ते मागच्या महिन्यापेक्षा वेगळे असतात, आणि माणूस तडक एचआरला मेल लिहायला बसतो. मी बरीच वर्षं पगार विभागात, म्हणजे टेबलाच्या पलीकडच्या बाजूला होतो. अशा मेलांपैकी बरेचसे ज्या आकड्याबद्दल असत, तो आकडा बरोबर असे. चूक असलीच तर दुसरीकडेच असे, आणि तिच्याबद्दल मेलमध्ये अवाक्षर नसे.

आमच्या सोसायटीतली एक मुलगी पुण्याजवळच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात तपासणी विभागात आहे. ती ऑगस्टची स्लिप घेऊन आली. म्हणाली, "काका, जुलैत पगारवाढ झाली, आता २२,५०० झालाय. हातात १८,६५७ आले. आणि ईएसआय अजून कापतायत. एकवीस हजारांच्या वर गेल्यावर बंद होतो ना?" मेल तिने मोबाइलवर लिहूनच ठेवला होता, फक्त पाठवायचा राहिला होता. तो तसाच राहू दे म्हटलं आणि स्लिपचा डावा वरचा कोपरा बघितला.

हा कोपरा कोणी वाचत नाही. तिथे हजेरी असते. तिच्या स्लिपवर महिन्याचे दिवस ३१, हजर २२, साप्ताहिक सुट्टी ५, सणाच्या सुट्ट्या २, बिनपगारी २ असं होतं. सगळं मिळून ३१ भरतात आणि पगाराचे दिवस २९ होतात. काही कारखान्यांत हजेरीचा महिना पंचवीस-सव्वीस तारखेला संपतो. तिथे हे दिवस कॅलेंडरशी जुळवायला गेलं की डोकं फिरतं, म्हणून ते आधी विचारून घ्यावं. तिच्याकडे एक ते एकतीस असाच हिशोब होता.

आता डावीकडची बाजू. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १३,०००, घरभाडे भत्ता ५,२००, इतर भत्ता ४,३००, असा ठरलेला पगार २२,५००. शेजारच्या रकान्यात प्रत्यक्ष मिळालेले आकडे होते १२,१६१, ४,८६५ आणि ४,०२३. बेरीज २१,०४९. म्हणजे त्या महिन्यातली एक मोठी वजावट, १,४५१ रुपयांची, कपातीच्या रकान्यात दिसतच नव्हती. ती डावीकडेच होऊन गेली होती. पीएफच्या आकड्याच्या तोडीस तोड रक्कम, पण तिच्यापुढे 'कपात' असं कुठेही छापलेलं नाही.

ही रक्कम दिवसांतून येते. १३,०००ला ३१ने भागून २९ने गुणलं की १२,१६१ येतात, म्हणजे कंपनी महिन्याच्या प्रत्यक्ष दिवसांनी भागते हे कळतं. कुठे ३०ने भागतात, कुठे २६ने. भाजक कंपनीच्या धोरणाप्रमाणे असतो आणि तो उलटा हिशोब करून स्लिपमधूनच काढता येतो. बघायचं एवढंच की सगळ्या ओळींना तोच भाजक लावला आहे ना, आणि मागच्या महिन्यात लावला होता तोच आहे ना. इथे सगळं जुळत होतं. म्हणजे गणित बरोबर होतं. गणितात घातलेले दिवस बरोबर होते का, हा खरा प्रश्न.

"दोन दिवस बिनपगारी?" मी विचारलं. "एकच. आजीला दवाखान्यात न्यायचं होतं तेव्हा." दुसरा दिवस कुठला, ते तिने मोबाइलवरच्या हजेरीत शोधलं. एका मंगळवारी आत येतानाचा पंच होता, बाहेर पडतानाचा नव्हता. मशीनला दोन्ही पंच मिळाले नाहीत की सॉफ्टवेअर तो दिवस गैरहजर धरून मोकळं होतं. सुपरवायझरने महिना बंद व्हायच्या आत दुरुस्ती मंजूर करायची असते. ती कुणी केली नव्हती.

पुरावा मात्र त्याच स्लिपवर होता, आणि तोही कपातीच्या बाजूला. कॅन्टीनचे ५७५ रुपये. जेवणाचं कूपन २५ रुपयांचं, आणि ती रोज कॅन्टीनमध्येच जेवते. ५७५ म्हणजे २३ जेवणं. हजेरी २२ दिवसांची आणि जेवणं २३. कॅन्टीनच्या मशीनवर कार्ड टेकवल्याची तारीखवार नोंद असते. त्यात त्या मंगळवारी दुपारचं जेवण निघालं. एकाच कंपनीच्या दोन यंत्रांनी एकमेकांना खोटं पाडलं होतं. असा पुरावा सहसा हाती लागत नाही. एरवी शिफ्टचा रिपोर्ट, कंपनीच्या बसची नोंद किंवा सुपरवायझरची दोन ओळींची चिठ्ठी यावर भागवावं लागतं.

एवढं झाल्यावर उजवीकडे यायचं. पीएफ १,४५९. पूर्ण १३,०००वर १२ टक्के म्हणजे १,५६० व्हायला हवे होते, मग कमी का, असं तिला वाटत होतं. पण पीएफ ठरलेल्या पगारावर नसतो, त्या महिन्यात मिळालेल्या मूळ वेतनावर आणि महागाई भत्त्यावर असतो. १२,१६१चे १२ टक्के १,४५९. बरोबर. उलट दिवस कापूनही १,५६० दिसले असते तर शंका घ्यायला जागा होती. ज्यांचं मूळ वेतन १५,०००च्या वर आहे त्यांच्याकडे पुष्कळ कंपन्या पीएफ १५,०००वरच मोजतात आणि १,८००वर थांबतात. तो आकडा दर महिन्याला तोच दिसतो, तीही चूक नव्हे.

ईएसआय १५८. तिचा सगळा राग याच ओळीवर होता. मर्यादा २१,०००ची आहे हे खरं, आणि तिचा पगार जुलैपासून त्याच्या वर गेला हेही खरं. पण ईएसआयचं वर्ष दोन भागांत चालतं, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. भागाच्या सुरुवातीला जो मर्यादेत असतो तो मध्येच पगार वाढला तरी त्या भागाच्या अखेरपर्यंत योजनेत राहतो. आणि कपात २१,०००वर न होता मिळालेल्या पूर्ण पगारावर होते. २१,०४९चे पाऊण टक्का म्हणजे १५७ रुपये ८७ पैसे. ईएसआयमध्ये पैसे नेहमी पुढच्या रुपयात जातात, म्हणून १५८. या पैशांचा मोबदलाही आहे. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर आजारपणाचा रोख लाभ पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये मिळतो. मध्येच कपात बंद करा म्हणून कंपनीच्या मागे लागणं आणि कंपनीने ते ऐकणं, यात नुकसान कामगाराचंच. तिने लिहिलेला मेल नेमका हाच होता.

राहिला व्यवसाय कर, २००. त्याच्याकडे तिने बघितलंच नव्हतं. पहिल्या पगारापासून कापला जातो, शेजारच्या टेबलावरच्या मुलालाही कापतात, म्हणजे असणारच, असं तिने धरलं होतं. महाराष्ट्रात पुरुषांना दहा हजारांच्या वर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० असा हा कर आहे, वर्षाचे २,५००. महिलांसाठी मात्र १ एप्रिल २०२३ पासून २५,००० रुपयांपर्यंत व्यवसाय कर शून्य आहे. तिचा पगार वाढूनही २२,५००. स्लिपवरची ही एकच ओळ नियमाने चूक होती.

असं होतं कसं? पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येकाचा एक तपशील भरलेला असतो. त्यात स्त्री-पुरुष हा रकाना चुकला किंवा रिकामा राहिला की मशीन पुरुषांचा दर लावतं, आणि मग दर महिन्याला तीच चूक निमूटपणे होत राहते. ती मुलगी नोव्हेंबरात नोकरीला लागली होती, म्हणजे ऑगस्टपर्यंत दहा कपाती. नोव्हेंबर ते मार्च फेब्रुवारीच्या तीनशेसकट १,१००, आणि एप्रिल ते ऑगस्ट १,०००. हे दोन आकडे मी वेगळे लिहायला सांगितले. चालू आर्थिक वर्षातले पैसे पुढच्या पगारात वळते करणं पगार विभागाला सोपं जातं. मागच्या वर्षाचा कर सरकारजमा होऊन विवरणपत्रही भरलेलं असतं, तिथे वेळ लागतो. एकच २,१०० लिहिले की अवघड भागासाठी सोपा भागही अडकून पडतो.

टीडीएसचा रकाना रिकामा होता आणि तिच्या पगाराला तो रिकामाच असायला हवा. कामगार कल्याण निधीचे २५ रुपये जून आणि डिसेंबरच्या पगारातच कापतात, त्यामुळे ऑगस्टमध्ये तो नसणंही बरोबर.

मग मेल नव्याने लिहिला. 'माझा पगार चुकीचा आला आहे, कृपया लक्ष घालावे' हे वाक्य पगार विभागात रोज येतं आणि त्याला 'तपासून कळवतो' याशिवाय उत्तर देता येत नाही. कारण तपासायचं काय, हेच त्यात नसतं. तिने विषयात कर्मचारी क्रमांक आणि महिना घातला आणि खाली दोनच मुद्दे लिहिले. पहिला असा: "अमुक तारखेला बाहेरचा पंच नोंदलेला नाही. मी पूर्ण शिफ्ट हजर होते. कॅन्टीनची नोंद आणि सुपरवायझरची आता घेतलेली मंजुरी जोडली आहे. पगाराचे दिवस २९ऐवजी ३० धरून फरक द्यावा." दुसऱ्यात व्यवसाय कराचे दोन वर्षांचे दोन आकडे, दहा स्लिपा, आणि तपशिलातला स्त्री-पुरुष रकाना दुरुस्त करण्याची विनंती. ही शेवटची ओळ महत्त्वाची. ती नसेल तर पैसे परत मिळतात आणि पुढच्या महिन्यात पुन्हा कापले जातात. ईएसआयचा उल्लेख काढून टाकला. तीनांतला एक मुद्दा चुकीचा निघाला की उरलेल्या दोन्हींकडेही त्याच नजरेने बघितलं जातं, हे मी पलीकडच्या खुर्चीत बसून पाहिलेलं आहे.

एका दिवसाचा फरक ७२५ रुपये येणार होता, पण हातात तेवढे पडणार नाहीत हे तिला आधीच सांगून ठेवलं. त्यातल्या मूळ वेतनावर पीएफचे पन्नास आणि एकूण रकमेवर ईएसआयचे पाच-सहा रुपये जाणार. नाहीतर सप्टेंबरच्या स्लिपवरून नवा मेल तयार झाला असता.

सप्टेंबरच्या स्लिपवर थकबाकीची ओळ आली, ७२५. पीएफ १,६१०, कारण पूर्ण १३,०००सोबत थकबाकीतलं मूळ वेतन धरलं होतं. व्यवसाय कर शून्य, आणि चालू वर्षाचे १,००० परत. मागच्या वर्षाचे १,१०० आले नाहीत. त्यावर उत्तर आलं की कर सल्लागाराला विचारून कळवतो. तिने त्याच मेलखाली आठवण पाठवली आहे. दरम्यान पीएफचं पासबुकही उघडून बघितलं, कारण स्लिपवर पैसे कापल्याचंच कळतं, भरल्याचं पासबुकात कळतं. ऑगस्टचा भरणा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत व्हायला हवा, तो झालेला होता. आता ऑक्टोबरच्या स्लिपवर ईएसआयची ओळ असता कामा नये. असली, तर तिचा पहिला मेल तेव्हा उपयोगी पडेल.