उतारवयात लघवी का तुंबते?

बेळगावहून सुमारे दहा किलोमीटरवर असलेले सांबरा हे गाव विमानतळामुळे सर्वांना परिचित आहे. तेथील एका अडुसष्ट वर्षांच्या शेतकरी आजोबांचे उदाहरण कल्पनेने डोळ्यांसमोर आणू. दोन वर्षे त्यांना रात्री तीन-चार वेळा उठावे लागे, धार सुरू होण्यास वेळ लागे आणि शेवटी थेंब गळत. वयाचा दोष म्हणून त्यांनी तो त्रास सोसला. मग डिसेंबरात पडसे झाले, नाक मोकळे करणारी गोळी घेतली आणि त्याच रात्री लघवी पूर्ण तुंबली. बेळगावला नेऊन नळी घातली, तेव्हा सुमारे आठशे मिलिलिटर मूत्र निघाले. एरवी तीन-चारशे मिलिलिटर साठले की माणसाला जोराची लघवी लागते, हे ध्यानी घेतले म्हणजे त्यांच्या वेदनांची कल्पना येते.

सोनोग्राफीत त्यांची पुरःस्थ ग्रंथी, म्हणजे प्रोस्टेट, अवघ्या पस्तीस ग्रॅमची निघाली. शेजारच्या गृहस्थांची ग्रंथी ऐंशी ग्रॅमची असूनही त्यांना फारसा त्रास नव्हता. असे का व्हावे? उत्तर ग्रंथीच्या रचनेत आहे.

पुरुषाचा मूत्रमार्ग सुमारे अठरा ते वीस सेंटिमीटर लांब असतो. मूत्राशयाच्या मुखाशी त्याचा अगदी आखूड भाग असतो. पुढचे तीन-चार सेंटिमीटर तो प्रोस्टेटच्या पोटातून जातो. त्याखाली एक-दीड सेंटिमीटरचा अरुंद भाग येतो. आपल्या इच्छेने लघवी रोखणारा स्नायू येथे असतो. उरलेला सर्वांत लांब भाग शिश्नातून जातो. आजोबांची अडचण वरच्या भागात होती.

तरुणपणी प्रोस्टेट अक्रोडाएवढी, वीसेक ग्रॅमची असते. मॅक्नील या अमेरिकी शास्त्रज्ञाने तिचे विभाग दाखवून दिले. मागचा व बाजूचा बाह्य विभाग ग्रंथीच्या ऊतकाचा सुमारे सत्तर टक्के भाग व्यापतो. मधला विभाग सुमारे पंचवीस टक्के असून त्यातून वीर्य आणणाऱ्या नलिका जातात. मूत्रमार्गाला दोन्ही बाजूंनी बिलगलेला संक्रमण विभाग जेमतेम पाच टक्के असतो. वयानुसार होणारी साधी वाढ मुख्यतः या पाच टक्क्यांतच होते, आणि तीही नळीच्या अगदी लगत! बाहेरचे कवच फारसे ताणत नाही, म्हणून वाढलेल्या गाठी आतल्या बाजूस नळी दाबतात. पण गाठी बाजूंना फुगल्या, तर ग्रंथी मोठी होऊनही वाट उघडी राहू शकते. उलट, एखादा लहानसा मधला गोळा मूत्राशयाच्या मुखात वर डोकावला, तर जोर करताच तो झडपेसारखा मुख बंद करतो. आजोबांचे नेमके हेच झाले होते.

अडथळ्याचे दुसरे कारण स्नायूंचे आकुंचन. ग्रंथीत व मूत्राशयाच्या मुखाशी अनैच्छिक स्नायू असतात. पडशाच्या काही गोळ्यांतील औषध नाकाच्या रक्तवाहिन्या आवळते, तसेच हे स्नायूही आवळते. आधीच अरुंद झालेली वाट त्यामुळे पूर्ण बंद झाली. टॅम्सुलोसिनसारखे औषध हेच स्नायू सैल करते, म्हणून काही दिवसांत गुण दिसतो. ग्रंथी आटवणाऱ्या फिनास्टेराइडला मात्र सहा महिने लागतात, आणि मोठ्या ग्रंथीतच त्याचा विशेष उपयोग होतो. मधला गोळा मुखात अडकला असेल, तर गोळ्यांनी पुष्कळदा भागत नाही. मूत्रमार्गातून दुर्बीण घालून तो खरवडून काढावा लागतो.

या शस्त्रक्रियेची अनेकांना भीती वाटते. वीर्याचा मोठा भाग मूत्राशयामागच्या दोन शुक्राशयांत तयार होतो. त्यांच्या नलिका शुक्रवाहिन्यांना मिळून प्रोस्टेटमधील मूत्रमार्गात एका लहान उंचवट्याशी उघडतात. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर या उंचवट्याच्या खाली सहसा जात नाहीत, कारण त्याखालीच लघवी रोखणारा स्नायू आहे. मूत्राशयाचे मुख मात्र रुंद होते. त्यामुळे संभोगाच्या वेळी वीर्य बाहेर न येता बहुधा मूत्राशयात जाते आणि पुढे लघवीवाटे निघते. यात शक्तिपात होत नाही, पण ही गोष्ट आधी सांगितलेली बरी.

आणखी एक सावधगिरी हवी. कर्करोग बहुधा बाह्य विभागात उद्भवतो, आणि तो नळीपासून दूर असल्याने आरंभी धार अडवतोच असे नाही. खरवडताना हा भाग मागे राहतो. म्हणून शस्त्रक्रिया झाली तरी पुढील तपासणीबाबत डॉक्टरांना विचारावे.

आजोबांनी दोन वर्षे थांबायला नको होते. अडथळ्याविरुद्ध जोर करून मूत्राशयाची भिंत जाड होते, पुढे थकते आणि मूत्र मागे उरू लागते. काहींना दुखत नाही. भरलेल्या मूत्राशयातून नकळत थेंब गळतात आणि मूत्रपिंडांवर दाब येतो. घरातील वृद्धांचे अंथरूण रात्री ओले होऊ लागले, तर ते वयाचे म्हणून सोडू नये. ओटीपोटी फुगवटा आहे का, ते डॉक्टरांकडून पाहून घ्यावे. पडशाची गोळी घेण्यापूर्वी धार मंद असल्याचे डॉक्टरांना अवश्य सांगावे.