शनिवारी आठच्या आत

साताऱ्यातल्या एका मिठाईवाल्या काकांनी गणपतीच्या तीन आठवडे आधी मला बोलावलं. त्यांना स्थानिक रेडिओवर जाहिरात करायची होती आणि त्यात काय काय यायला हवं ते त्यांनी वहीच्या पाठपोट पानावर लिहून ठेवलं होतं. दुकान किती जुनं, शुद्ध तूप, कंदी पेढे, काजूकतली, उकडीचे मोदक, फराळाच्या ऑर्डरी, घरपोच सेवा, दोन मोबाइल नंबर, पूर्ण पत्ता आणि शेवटी "आजच भेट द्या". मी ते सगळं जोडून मोठ्याने वाचलं, तर ५४ सेकंद लागले. जाहिरात होती ३० सेकंदांची.

रेडिओवर जाहिरातीचा दर साधारण दहा सेकंदांच्या हिशेबाने लावतात. ३१ सेकंद झाले, तर एकतर चाळीसचे पैसे मोजायचे, नाहीतर निवेदकाने धापा टाकत वाचायचं. मराठीत निवांत, समजेल असं बोललं, तर सेकंदाला दोन शब्द जातात. आपले शब्द लांब असतात. "नोंदवण्यासाठी" हा एक शब्द, पण तोंडाला तो दोनाइतका पडतो. आवाजाला, श्वासाला थोडी जागा सोडली, की ३० सेकंदांत पन्नास-पंचावन्न शब्द बसतात. काकांच्या यादीत शंभराच्या वर होते.

पण खरी अडचण शब्दांची नव्हतीच. ऐकणाऱ्या बाईचे हात कणकेत असतात, माणूस स्कूटरवर असतो. त्याला मागे जाऊन पुन्हा ऐकता येत नाही. सात गोष्टी सांगितल्या, तर त्यातली एक लक्षात राहील असं होत नाही, सातही जातात. "आजच भेट द्या" म्हणजे तर काहीच सांगणं नाही, कारण आज का, याचं उत्तर त्यात नाही. म्हणून मी काकांना विचारलं, जाहिरात ऐकून माणसाने नेमकं काय केलं, तर तुमचे पैसे वसूल होतील?

त्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "मोदक आधी सांगून ठेवले पाहिजेत."

मग त्यांनी जे सांगितलं, त्यातच सगळी जाहिरात होती. पेढे आदल्या दिवशी करून ठेवता येतात. उकडीच्या मोदकाचं तसं नाही. तांदळाच्या पिठीची पारी गार झाली की वातड होते, म्हणून ते त्याच सकाळी वळायचे आणि त्याच सकाळी द्यायचे. त्यांच्याकडे आठ बायका पहाटे तीनला बसतात आणि नऊपर्यंत हाताने कळ्या पाडून चोवीसशेच्या आसपास मोदक करतात. अकरा आणि एकवीसच्या हिशेबाने ही साधारण दीडशे घरं झाली. आदल्या वर्षी ऐनवेळी आलेली माणसं रिकाम्या हाताने गेली होती, त्याचं काकांना फार वाईट वाटत होतं. गणपती सोमवारचे होते. नारळ, पिठी, गूळ यांची मागणी रविवारी सकाळी द्यायची, तर आकडा शनिवारी रात्री हातात हवा. ही खरी मुदत होती. कृत्रिम घाई ऐकणाऱ्याला लगेच कळते. इथे घाईचं कारण मोदकातच होतं.

मग बाकीचं काढायला काकांची फारशी समजूत घालावी लागली नाही. कंदी पेढ्यांचा त्यांना जीव लागला होता, पण पेढ्यांना साताऱ्यात जाहिरात लागत नाही. फोन नंबरावर मात्र आमचं थोडं वाजलं. दहा आकडे नीट म्हणायला पाच-सहा सेकंद लागतात, लक्षात राहायचे तर दोनदा म्हणावे लागतात. म्हणजे तिसरा भाग जाहिरात नंबरातच जाते, आणि कणकेतल्या हाताने ते कुणी लिहून घेत नाही. शिवाय नंबर आणि "दुकानात या" असे दोन रस्ते दिले, की माणूस "करू नंतर फोन" म्हणून दोन्ही सोडतो. पत्त्याऐवजी खूण घेतली. गल्ली, पेठ, घर क्रमांक कुणाला सांगता येत नाही. पिंपळाचा पार सगळ्यांना ठाऊक आहे.

काकांना गाणंही हवं होतं. विविध भारतीवर १९६७ मध्ये जाहिराती सुरू झाल्या, तेव्हापासून आपल्या कानांना जिंगलची सवय आहे. पण जिंगल नाव मुरवण्यासाठी असते, आणि मुरायला महिने लागतात. आमच्याकडे सहा दिवस होते. गाण्याचे आठ सेकंद मला द्यायचे नव्हते.

शेवटी जे लिहिलं ते असं. दुकानाचं नाव इथे गाळलं आहे.

(मोदकपात्राचं झाकण उचलल्याचा आवाज, वाफ. ३ सेकंद.)
नात : आजी, एकवीस झाले?
आजी : सात झाले गं. त्यातले तीन फुटले.
निवेदिका : यंदा मोदक आम्ही वळून देतो. उकडीचे, ओल्या नारळाचे, गणपतीच्या सकाळी गरम. पण नोंद होईल तेवढेच वळणार. म्हणून शनिवारी रात्री आठच्या आत दुकानात येऊन मोदक नोंदवा.
आजी : आणि रविवारी आले तर?
निवेदिका : रविवारी वही बंद. (दुकानाचं नाव), पिंपळाच्या पारासमोर. शनिवारी आठच्या आत मोदक नोंदवा.

नाव धरून हे पन्नास शब्द होतात. आकडे अक्षरात लिहिले आहेत, म्हणजे वाचणारा अडखळत नाही. झाकणाचा आवाज शोभेसाठी नाही. तो नसता, तर "मोदक करताना एक घर" हे सांगायला एक वाक्य लागलं असतं. आजीचा प्रश्न मी मुद्दाम घातला. मुदत निवेदिकेने तीनदा सांगितली असती, तर ती धमकी वाटली असती. आजीने विचारल्यावर तीच गोष्ट माणूस आपणहून ऐकतो.

पहिल्या खर्ड्यात "शनिवारपर्यंत" होतं. उभं राहून, पूर्ण आवाजात, घड्याळ लावून वाचलं, तेव्हा २९ सेकंद झाले आणि मी खूश होतो. मनातल्या मनात वाचलं की नेहमी कमी वेळ लागतो, म्हणून ते मोजमाप धरायचं नाही. मग फोनवर रेकॉर्ड करून शेजारच्या काकूंच्या स्वयंपाकघरात लावलं, नळ चालू ठेवून. एकदाच ऐकवलं आणि तीन प्रश्न विचारले : काय करायचं, कुठे, कधीपर्यंत? पहिली दोन उत्तरं लगेच आली. तिसऱ्याला त्या म्हणाल्या, "शनिवारी दिवसभर कधीही, हो ना?" दुकान आठला बंद होतं. म्हणून "रात्री आठच्या आत" आलं आणि तेवढ्यासाठी "घरच्यासारखे" हा शब्द काढला. तो गेल्याचं कुणाला जाणवलंही नाही.

एक मर्यादा काकांना आधीच सांगितली होती. रेडिओ सगळ्या गावात आणि आसपासच्या खेड्यांतही ऐकू जातो, तर दुकानाचं गिऱ्हाईक दोन-तीन पेठांतलं. पावशेर पेढ्यांसाठी कुणी गाव ओलांडून येणार नाही. हाताने वळलेल्या एकवीस मोदकांसाठी येईल. रोजच्या मालासाठी त्यांनी रेडिओवर पैसे घालू नयेत, असंच मी आजही म्हणेन.

नोंदवहीत एक रकाना वाढवला : "कुठे कळलं?" गल्ल्यावरच्या मुलाला सांगितलं, नाव लिहिताना प्रत्येकाला विचार आणि एकच अक्षर लिही, रेडिओला रे, जुन्या गिऱ्हाइकाला जु. करायची गोष्ट एकच असल्यामुळे मोजायचीही एकच होती. शुक्रवारी दुपारी काकांनी वही माझ्यासमोर उघडली. अठ्ठ्याण्णव नावं होती, त्यात एकेचाळीस रे. एका ओळीत मुलाने अक्षराऐवजी लिहिलं होतं, "आजी म्हणाली तीन फुटले".

आमचा शेवटचा स्पॉट शनिवारी संध्याकाळी सहाचा ठेवला होता, म्हणजे ऐकून निघालेल्या माणसाला दुकान उघडं सापडेल. रविवारी एकही नव्हता.