परिसंवाद आणि ३६ मिनिटांचं गणित

परिसंवादाचं सूत्रसंचालन म्हणजे गोड आवाज नव्हे, चक्क वजाबाकी! वेळ एक तास, पाहुणे चार. श्रोत्यांच्या प्रश्नांना १५ मिनिटं, ओळख आणि आभाराला ५, माझ्या प्रश्नांना ४. उरली ३६, म्हणजे प्रत्येकी ९. हा आकडा मी चहाच्या वेळीच चौघांना सांगून टाकतो.

ओळख करून देताना अख्खा बायोडाटा वाचला, तर तिथेच दहा मिनिटं जातात. म्हणून माझी दोनच वाक्यं: पाहुणे काय करतात आणि आजच्या विषयाशी त्यांचा संबंध काय.

आता समजा विषय आहे 'नोकरी की एम.टेक.?' मी कागदावर चार रकाने आखतो आणि दर मिनिटाला बोलणाऱ्याच्या नावाखाली एक रेघ मारतो. वीस मिनिटांनी रेघा दिसतात ११, ४, ३, २. कंपनीतल्या सरांनी आपला वाटा ओलांडलाय. उरलेली १६ मिनिटं बाकी तिघांची.

सरांना "थांबा" म्हटलं तर ते दुखावतात. त्यापेक्षा ते श्वास घेतील तेव्हा त्यांचाच मुद्दा उचलायचा: "मॅडम, सर म्हणतात अनुभव मोठा. एम.टेक.च्या प्रोजेक्टमध्ये तो मिळतो का?" नाव आधी, प्रश्न नंतर. "कोणाला काही बोलायचंय?" असं मोघम विचारलं, की माईक पुन्हा सरांकडेच!

मात्र मितभाषी पाहुण्याकडून ९ मिनिटं ओढून काढायची नाहीत. त्यांना मुद्दा पुरा करता आला, की बस्स.