जुळलेल्या वहीतले हजार रुपये: बचत गटाचा मासिक हिशेब कसा तपासायचा

क्षेत्रकार्यात बचत गटांच्या वह्या 'डेटा' म्हणून वापरणार असाल, तर हे वाचाच. माझ्या प्रबंधाच्या एका प्रकरणात गटांनी दर महिन्याला वसूल केलेलं व्याज हा मुख्य आकडा आहे. पहिल्या गटाची वही मी दोन तासांत तपासली, सगळं जुळलं, आणि मी खूश होऊन परत आले. वहीत तेव्हाही एक हजार रुपयांची चूक होती.

आधी वहीची रचना. गटाच्या मासिक ताळेबंदात एकच गोष्ट दोन बाजूंनी मोजलेली असते. पहिली बाजू म्हणजे पैसा कुठून आला: मागचा निधी, त्यात या महिन्याची बचत, व्याज आणि दंड मिळवायचे, खर्च वजा करायचा. दुसरी बाजू म्हणजे तो पैसा आज कुठे आहे: सभासदांकडे येणं असलेलं कर्ज, बँकेतली शिल्लक आणि पेटीतली रोख. दोन्हीचं उत्तर एकच यायला हवं. (बँकेकडून घेतलेलं कर्ज असेल तर ते दुसऱ्या बाजूतून वजा करावं लागतं. या गटाला ते नव्हतं, म्हणून इथे सोडून देते.)

इथे नवीन माणूस हमखास अडखळतो. कर्ज दिलं किंवा मुद्दल परत आली, तर निधी बदलत नाही. पैसा फक्त पेटीतून सभासदाकडे किंवा सभासदाकडून पेटीत जातो. निधी वाढवतात त्या तीनच गोष्टी: बचत, व्याज, दंड. हे डोक्यात पक्कं ठेवा, पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

आता तो महिना, नोव्हेंबर. गटात १२ जणी, बचत दरमहा २०० रुपये, अंतर्गत कर्जावर महिन्याला २ टक्के व्याज. सुरुवातीचा निधी ५५,१५० रुपये: कर्ज येणं ४२,०००, बँकेत ११,९००, पेटीत १,२५०. महिन्यातल्या नोंदी अशा: बचत २,४००, व्याज १,८४०, दंड २०, खर्च ६०, मुद्दल परत ४,५००, नवीन कर्ज ८,०००. बँकेत व्यवहार नाही. बैठकीनंतर पेटी मोजून लिहिलेली रोख १,७५०.

पहिली बाजू: ५५,१५० + २,४०० + १,८४० + २० − ६० = ५९,३५०. दुसरी बाजू: कर्ज येणं ४२,००० − ४,५०० + ८,००० = ४५,५००, त्यात ११,९०० आणि १,७५०, म्हणजे ५९,१५०. फरक २००. इतका नेमका आकडा दिसला की आधी बचतीचा रकाना बघायचा, कारण २०० म्हणजे एका सभासदाची बचत. इतिवृत्तात हजेरी अकराच जणींची. सचिव ताईंनी सवयीने बाराही नावांपुढे २०० लिहून टाकले होते. बचत २,२०० केली आणि दोन्ही बाजू ५९,१५० वर येऊन बसल्या.

ही चूक सापडली ती एकाच कारणाने: पेटीतली रोख खरोखर मोजलेली होती. बरेच गट शिल्लक रोख मोजत नाहीत, जमेतून खर्च वजा करून 'काढतात'. तसं असेल तर चुकीची बचत रोख रकमेतही शिरते, दोन्ही बाजू सारख्याच चुकतात आणि वही छान जुळते. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारायचा, "ताई, ही रोख मोजली का वहीतून काढली?"

इथे मी थांबले होते. घरी येऊन आकडे शीटमध्ये टाकले. B ते F मध्ये सुरुवातीचा निधी, बचत, व्याज, दंड, खर्च. G ते I मध्ये महिनाअखेरचं कर्ज, बँक, रोख. J मध्ये महिन्याच्या सुरुवातीला येणं असलेलं कर्ज.

```
=B2+C2+D2+E2-F2-(G2+H2+I2)
=D2/J2
```

पहिलं सूत्र शून्य देतं. दुसरं सूत्र सहज म्हणून लिहिलं होतं. बाकीच्या महिन्यांत उत्तर २ टक्के किंवा थोडं कमी, नोव्हेंबरात मात्र ४.३८ टक्के. ४२,००० वर २ टक्के म्हणजे ८४० रुपये. वहीत १,८४०. बरोबर हजार जास्त.

व्याज अपेक्षेपेक्षा कमी दिसणं साधं आहे. वहीत वसूल झालेलं व्याज असतं, कुणी भरलं नाही तर ते कमीच येणार. जास्त दिसलं तर मात्र कारण हवं: मागची थकबाकी आली, कुणाचं व्याज कर्ज देतानाच कापून घेतलं, किंवा नोंद चुकली. मागच्या महिन्यात थकबाकी नव्हती आणि हा गट आगाऊ व्याज घेत नाही. आणि हो, ही तपासणी उतरत्या बाकीवर व्याज घेणाऱ्या गटांसाठी आहे. काही गट शेवटपर्यंत मूळ रकमेवरच व्याज घेतात, तिथे J मध्ये मूळ रक्कम टाकावी लागते. आधी विचारून घ्या.

मग पुन्हा गावात गेले आणि वैयक्तिक पासबुकं मागितली. वहीशेजारी पासबुक ठेवून एकेक कर्जदार बघितली. एका मावशींकडे ८,००० येणं होतं. त्यांनी नोव्हेंबरात १,१६० भरले: १६० व्याज, १,००० मुद्दल. पासबुकात बाकी ७,०००. वहीत मात्र अख्खे १,१६० व्याजाच्या रकान्यात, आणि बाकी तशीच ८,०००. डिसेंबरात वही बघून त्यांच्याकडून पुन्हा १६० घेतले. मावशी म्हणाल्या, "तेव्हा मी म्हटलं होतं, साताचे एकशे चाळीसच होतात. पण वहीत लिहिलंय म्हटल्यावर काय बोलणार?"

दोन्ही बाजूंची बेरीज ही चूक का पकडत नाही, ते नीट बघा. व्याज हजाराने वाढलं म्हणून पहिली बाजू हजाराने फुगली. मुद्दल हजाराने कमी लिहिली म्हणून कर्ज येणं हजाराने फुगलं, म्हणजे दुसरी बाजूही. रोख जशीच्या तशी. खरा निधी ५८,१५० होता आणि वही ५९,१५० वर अगदी व्यवस्थित जुळत होती. गट फुटून नफा वाटला असता, तर मावशींचे हजार रुपये बाराही जणींत नफा म्हणून वाटले गेले असते.

दुरुस्ती खोडाखोड न करता केली. पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर वाचून दाखवलं, इतिवृत्तात लिहिलं, व्याजातून १,००० वजा, मावशींच्या कर्जातून १,००० वजा, आणि जास्तीचे २० रुपये परत. सचिव ताई ओशाळल्या. त्या सात वर्षं बिनपगारी वही लिहितायत, त्यामुळे मी शक्यतो 'घोटाळा' हा शब्द कुठेच वापरत नाही, तुम्हीही वापरू नका. माझ्या शीटमध्ये मी वहीतला मूळ आकडा आणि दुरुस्त आकडा असे दोन वेगळे रकाने ठेवले. मूळ आकडा पुसला, तर वह्या किती चुकतात हे मला कधीच सांगता येणार नाही.

एक प्रकार मात्र या दोन्ही सूत्रांतून निसटतो. एखादीला परतफेड जमत नाही, मग त्याच बैठकीत जुनं कर्ज 'फिटलं' आणि तितकंच नवीन 'दिलं' असं लिहितात. रोख हललेली नसते, व्याजही भरलेलं असतं, टक्का दोनच येतो. वहीवरून परतफेड शंभर टक्के. हे ओळखायला एकाच तारखेला, एकाच नावापुढे, सारख्याच रकमेची परतफेड आणि नवीन कर्ज शोधावं लागतं. त्या गटाच्या ३६ महिन्यांत मला अशा चार जोड्या सापडल्या. त्यातल्या दोन त्याच मावशींच्या आहेत, आणि त्यांना त्याबद्दल कसं विचारायचं ते मी अजून ठरवतेय.